पाचच्या आत चौथं नाव

कुलदीपचं नाव काढून टाकलं आणि मग मला घाम फुटला. पडद्यावर लाल अक्षरात आलं, ‘सदस्य तीन. संघ अपूर्ण.’

पुण्याच्या हॅकेथॉनला, म्हणजे दोन दिवस एका जागी बसून प्रोग्राम बनवायच्या स्पर्धेला, चौघंच लागतात. ना कमी, ना जास्त. कुलदीपला डेंग्यू झाला म्हणून त्याच्या जागी उझ्माला घ्यायचं ठरलं. बदल एकदाच करता येतो, तोही आज पाचपर्यंत. म्हणजे कुलदीपला परत घ्यायची वाट बंद. संघप्रमुख मीच, त्यामुळे बुडालो तर माझ्याच हातानं बुडणार होतो.

नवीन सदस्यानं मोबाईलवर आलेला कोड टाकला की झालं. मी उझ्माकडं फोनसाठी हात पुढं केला. ती खुर्चीतच मागं सरकली.

“फॉर्मात दिलेला नंबर अब्बूंचा हाय, निलम. अन् पुण्याला जायचं मी घरी सांगितलंच न्हाई.”

तिचे अब्बू शकीलभाई जिल्ह्यातल्या गोरेगाव-सेनगाव वाटेवर प्रवासी जीप चालवतात. हिंगोलीच्या आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेचार वाजून गेले होते.

तिनं माझ्या फोनवरून अब्बूंना फोन लावला आणि कोड मागितला. फोन स्पीकरवर होता.

“कोड कुणालाच द्यायचा न्हाई, बँकेत सांगितलंय,” ते म्हणाले. “कशाचा हाय ह्यो?”

उझ्मानं रडत रडत सगळं सांगितलं. पुणे, दोन दिवस, मुक्काम. पलीकडं जीप थांबल्याचा आवाज आला.

“फोन तुझ्या मैतरणीला दे.”

“बोला काका, मी निलम.”

“तू हायेस संगं?”

“व्हय. आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमबी येणार हायेत.”

“बरं. आता कोड देतो, घरी गेल्यावर बोलू. न्हाई जमलं तर नाव काढता येतं न्हवं?”

उझ्मा माझ्याकडं बघून जोरजोरात मान हलवत होती. ‘व्हय म्हण, व्हय म्हण.’ एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द खोटा होता. खोटं बोलायची भीती आणि खरं बोलायचीही.

“न्हाई काका. पाचनंतर कुणालाच काढता येत न्हाई. ही आली न्हाई तर आमी सगळेच बाद.”

उझ्मानं तोंड हातांत लपवलं. पलीकडून कुणी पॅसेंजर ओरडला, “अहो, चला की!” मला वाटलं, संपलं सगळं.

मग शकीलभाई एकेक आकडा सावकाश सांगू लागले. माझ्याकडून एक आकडा चुकला, पुसला, पुन्हा टाकला.

‘सदस्य चार. संघ पूर्ण.’

“झालं का?”

“झालं, काका.”

“मंग आता मलाबी मागं फिरता येत न्हाई,” ते म्हणाले आणि जीप सुरू केली.