नाईलचा पूर आणि आमचा धुरा

आमच्या शाळेच्या संमेलनात दरसाल एक राजा, एक तलवार आणि पुठ्ठ्याचा घोडा यायचा. शहाऐंशीच्या जानेवारीत मात्र इजिप्त आलं. त्याला कारण शाळेतल्या नव्या बाई, प्रेमलता बहिनजी. पांढुर्ण्याहून बदलून आलेल्या, अंगानं काडी, पण एकदा मनात घेतलं की मागे न हटणाऱ्या. त्या म्हणाल्या, पाच हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव शेतातच उभं करायचं, आणि काम पोरांनी नाही, गावातल्या शेतकऱ्यांनीच करायचं. पोरांनी बसून पाहायचं.

मला त्यांनी शेतकऱ्याच्या बायकोचं काम दिलं आणि एक जाड पुस्तक वाचायला दिलं. माझी शाळा चौथीत सुटली, पण वाचायचं काही सुटलं नाही. मी ते दोनदा वाचलं. शेतकरी झाला शाळेचा चपराशी कवडू. आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बकऱ्या हाकायचं काम मिळालं, कारण त्यात बोलायचं नव्हतं.

आमच्या वावराशेजारच्या केशवरावांना राजा व्हायचं होतं. जागा त्यांचीच, संत्र्याच्या बगीच्याखालचा उतरता तुकडा, विहिरीवरची पाण्याची मोटारही त्यांचीच. पण बहिनजी म्हणाल्या, "खेड्यात राजा येत नाही, दादा. राजाचा लेखनिक येतो. शेत मोजतो, उभं पीक पाहतो, कर लावतो. नाणं तिथं नव्हतंच. धान्यच घेऊन जायचे."

"म्हंजे पटवारी."

"पटवारीच समजा. पण ज्याला लिहिता येतं त्याच्यावर कोणी हात उचलत नाही. दाणे कमी भरले तर शेतकऱ्यालाच काठीनं मारतात."

केशवरावांनी मिशीवर हात फिरवला. "चालते मग," म्हणाले. "आजवर पटवाऱ्यानं मले पळवलं, आता मी पळवतो."

इथं धुऱ्याचं सांगायला पाहिजे. त्यांचा तुकडा आणि आमचं वावर लागून. मधे मातीचा धुरा, म्हणजे बांध. दरसाल नांगरणीला त्यांच्या नांगराचं एक तास धुऱ्याला खेटून जायचं, मग धुऱ्यातून, मग हळूच धुऱ्यापलीकडून. मातीचा धुरा आमच्या अंगाला सरकत सरकत दहा वर्षांत साडेतीन हात आला. सरकता सरकता बारीकही झाला, एखाद्या दमेकऱ्यासारखा. त्या साडेतीन हातांत मी पूर्वी कांदा लावायची. घरच्यांना म्हटलं की ते म्हणायचे, "जाऊ दे व. साडेतीन हातानं आपण का राजे होऊन राहिलो?" राजे नाही, पण वर्षाचा कांदा विकत आणायची पाळी आली होती, आणि ती पिशवी मलाच उचलायला लागायची.

तालमीला पहिल्याच दिवशी कवडूनं आभाळाकडे हात जोडले. "देवा, पाऊस पाड, पेरणी खोळंबून राहिली."

"कवडू, तिथं पाऊस पडतच नाही," मी म्हटलं.

"मंग पिकते कायच्यावर?"

"नदीवर. पाऊस पडतो लांब दक्षिणेच्या डोंगरांत. ऐन उन्हाळ्यात कोरड्या आभाळाखाली नदी फुगते आणि सगळी वावरं बुडतात. गाव उंचवट्यावर, म्हणून घरं वाचतात. दोन-तीन महिने पाणी. मग ते उतरतं, काळा गाळ टाकून जातं. त्या ओल्या गाळात पेरायचं. थंडीत पीक वाढतं, उन्हं तापायच्या आधी कापणी, आणि पुन्हा पूर."

कवडूनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पूर आला तं लोक खुश?"

"हो, बेताचा आला तर. कमी आला तर उपास. जास्त आला तर उंचवट्यावरची घरंही जातात. म्हणून दगडी पायऱ्यांवर खुणा करून पाणी मोजायचे. पाणी कुठल्या खुणेला पोचलं त्यावरून त्या साली किती पिकेल, कर किती लावायचा, ते आधीच ठरवायचे."

"पिकाच्या आधी कर?" केशवराव खुशीत आले. "हे लोक हुशार होते."

"आणि पाणी असताना त्या दोन महिन्यांत कवडू काय करंन?" कवडूनं विचारलं.

"राजाची बांधकामं. बेगारीवर. मजुरी म्हणून भाकरी आणि बीर."

"बीर." तो सावरून बसला. "खरी आणतात का बहिनजी?"

बहिनजींनी चष्म्यावरून पाहिलं. तिथं जवाची घट्ट बीर रोज घरात आंबायची, बाया-पोरंही प्यायची, असं पुस्तकात होतं. आम्ही ज्वारीची आंबील ठरवली. कवडूनं मोहाच्या दारूचं नाव एकदा काढलं आणि लगेच विसरल्यासारखं केलं.

त्याच तालमीत शेत मोजायचं दृश्य झालं. पुराने हद्दी पुसल्या जातात, म्हणून तिथं दोर घेऊन माणसं यायची. दोराला ठरावीक अंतरावर गाठी. आधी कोणीतरी म्हाताऱ्यानं हद्दीच्या दगडाला हात लावून शपथ घ्यायची, की हा दगड आपल्या जागेवरून हललेला नाही. केशवरावांनी घरून अंबाडीचा दोर आणला, स्वतः वळलेला, दहा हातांचा. त्यांच्या विहिरीजवळ हद्दीचा जुना दगड आहे. तो कोणाच्यानं हलला नसता, त्यांच्यानंही नाही. तिथून धुऱ्यापर्यंत दोर टाकत गेले. बरोबर वीस दोर. बहिनजींनी वहीत लिहिलं, वीस. मी धुऱ्यावर उभी होते. त्या वीस दोरांतले शेवटचे साडेतीन हात माझ्या कांद्याचे होते.

संमेलनाच्या दिवशी पहाटे कवडूनं मोटार सुरू केली. हिशोब असा होता, की आमच्याकडे लाईट तासाभरात जातेच. म्हणजे पाणी तुकड्यात पायाच्या घोट्याएवढं राहील. तुकड्यातल्या एका खांबाला बहिनजींनी खडूच्या खुणा केल्या होत्या : उपास, पोटभर, संकट. मग सगळे नटायला निघून गेले. कवडूला डोक्याला पांढरं फडकं बांधायचं होतं, ते सुटत होतं.

त्या दिवशी लाईट गेली नाही.

आम्ही नऊ वाजता परत आलो तेव्हा खांबावर संकटाची खूणही बुडाली होती. पाणी उतारानं धुऱ्याला जाऊन भिडलं होतं, आणि तो दमेकरी धुरा किती वेळ टिकणार? मधोमध फुटला, दोन्ही बाजूंनी विरघळला. पाणी निम्मं आमच्या वावरात. जिथं काल हद्द होती तिथं आता नुसता चिखल, चकाकणारा, एकसारखा. कवडू हळूच म्हणाला, "बहिनजी, पूर लईच खरा झाला."

सौंसरहून शिक्षण खात्याचे साहेब येऊन खुर्चीवर बसले होते. बहिनजींनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि म्हणाल्या, "मोटार बंद करा. नाटक सुरू करा."

आणि खरंच चांगलं झालं. पाणी ओसरत होतं तसं कवडूनं चिखलात बी फेकलं, हलका नांगर फिरला, मागून घरच्यांनी बकऱ्या सोडल्या. बी खुरांनी आत दाबायला. बकऱ्यांनी अर्धं दाबलं, अर्धं खाल्लं. मी पाट्यावर गहू वाटून दाखवला आणि पोरांना सांगितलं, की वाटताना दगडाची कच त्यात जायची, म्हणून तिथं म्हाताऱ्यांचे दात झिजून सपाट. पुढच्या रांगेतले दोन म्हातारे तोंड मिटून बसले. जेवणात भाकरी, कांदा, मासा, मसूर. आंबील साहेबांनी दोनदा घेतली.

मग लेखनिक आले. केशवराव पांढऱ्या धोतरात, कानावर बोरूची लेखणी, मागे दोर घेऊन कवडूचा भाऊ. तो दोर सकाळपासून मोटारीजवळ टांगलेला होता आणि पाण्यात पडून चांगला भिजला होता. म्हाताऱ्याची शपथही त्यांनीच मागून घेतली होती; केशवरावांनी दगडाला हात लावला. पुस्तकातला देव त्यांच्या लक्षात राहिला नाही. म्हणाले, "जामसांवलीच्या मारुतीची आण, हा गोटा जागेवर हाय."

साहेबांनी विचारलं, "आणि हद्द खरंच वाहून गेलीय का?"

"खरंच गेली, साहेब," बहिनजी म्हणाल्या. "पण इजिप्तमध्ये दरसाल जायची. वहीत नोंद आहे, वीस दोर. आता लेखनिक मोजतील."

केशवराव मोजू लागले. छाती काढून, मोठ्यानं आकडा ओरडून. मी बघत होते. बाजेची अंबाडी मी दर उन्हाळ्यात ओढून बसवते. पावसात बाज भिजली की ती अशी ताणून बसते, की झोपणाऱ्याला वाटतं पाटावर झोपलो. ओला दोर आखडतो. एका दोरात फार नाही, चारेक बोटं. पण वीस दोरांत?

"एकोणीस. वीस."

खुंटी ठोकली गेली. मी कालच्या धुऱ्याच्या जागेवर उभी होते, तिथून ती साडेतीन हात पलीकडे होती. केशवरावांच्या अंगाला.

घरच्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. आभाळ कोरडं होतं, पुस्तकात म्हटल्यासारखं.

केशवराव खुंटीपाशी थांबले. एकदा मागे दगडाकडे पाहिलं, एकदा हातातल्या दोराकडे. दोर त्यांनी अंगठ्यानं जरा दाबला, पाणी निघालं. साहेब उठून टाळ्या वाजवायला लागले, मग पोरं, मग सगळं गाव. केशवरावांनी कानावरची लेखणी काढली आणि वहीवर वळणदार सही केली.

धुरा तिथंच बांधला गेला, खुंटीवरून. केशवरावांनी स्वतःच्या बैलांनी माती ओढून दिली. तीन दिवसांनी जेवताना घरचे म्हणाले, "सरकला ना व धुरा." मी त्यांना अजून एक भाकरी वाढली. मिळालेलं आपलंच होतं, पण मिळालं ते न बोलता. ती गोष्ट मला बकऱ्यांच्या शेपटीसारखी मागे लागली.

त्या पट्ट्यात मी उरलेली रोपं लावली. एप्रिलात कांदा निघाला, लाल, मुठीएवढा. पहिली टोपली मी केशवरावांच्या ओसरीवर नेऊन ठेवली.

"हे काय?"

"कर," मी म्हटलं. "लेखनिकाचा वाटा. आणि एक सांगायचं होतं, दादा. त्या दिवशी दोर ओला होता."

ते कांद्याचं साल सोलत बसले. "अंबाडी मीच वळली, वत्सलाबाई. ओली झाली तं काय करते, मले मालूम नाही काय?"

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"काय बोलू? साहेब टाळ्या वाजवून राहिला होता." त्यांनी कांदा हुंगला. "अन् आण घेतली होती मारुतीची. गोटा जागेवर हाय म्हटलं. गोटा हाय बी. धुऱ्याचं कोणी विचारलं नाही."

आतून त्यांच्या बायकोनं चहाला हाक मारली. मी निघाले तसे ते मागून म्हणाले, "पण पुढच्या साली बहिनजीले सांगजा. पूर आणायचाच असंन, तं मोजायच्या आधी दोर उन्हात वाळवून घेऊ."

"हो," मी म्हटलं. "आणि नांगर आधी की मोजणी आधी, तेही विचारून ठेवते."

त्यांनी टोपलीतला अजून एक कांदा उचलला आणि मिशीतल्या मिशीत हसले. मग टोपली रिकामी करून परत द्यायच्या आधी तिच्यात दोन संत्री टाकली.