ओळखणारा प्रश्न

पूर्णिमा मगदूमला गणितात वीसपैकी पाच पडले, यावर पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसला नाही. तिचा तर मुळीच नाही. तिनं पेपर उलटा करून पाहिला, वरचं नाव पुन्हा वाचलं. नाव तिचंच होतं, अक्षरही तिचंच.

आता ही पोरगी म्हणजे काही साधीसुधी नव्हे. बारावीला गणितात शंभरपैकी शंभर. कागलमध्ये पारस सरांच्या क्लासबाहेर तिचा हार घातलेला फोटो लागलाय, येणारा-जाणारा मान वर करून बघतो. डेरिव्हेटिव्ह म्हणाल तर तिच्या हातचा मळ. तुम्ही गणित सांगून संपवायच्या आत हिचं उत्तर तयार. अशी ही कोल्हापूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आली, रोज एसटीनं यायची-जायची, आणि पहिल्याच चाचणीत तोंडावर आपटली.

चार प्रश्न होते. पहिला लांबलचक, साइनच्या पोटात लॉग आणि लॉगच्या पोटात आणखी काहीतरी. त्यात पाचपैकी पाच. उरलेल्या तिन्हींत भोपळा. एका प्रश्नात नुसता आलेख काढलेला, तीनपाशी एक बारीक भोक, आणि विचारलेलं की तीनजवळ लिमिट आहे का, म्हणजे तीनकडं सरकताना रेघ एका ठरावीक उंचीकडं जाते का. पूर्णिमानं लिहिलं, तिथं किंमतच नाही, मग लिमिट कुठनं येणार. आणखी एका प्रश्नावर तर तिनं दोन पानं खर्ची घातली होती, आणि मॅडमनी त्या दोन पानांवर एकही रेघ न मारता खाली शून्य ठेवलं होतं.

बाकीचा वर्गही काही उजळला नव्हता. पण बाकीच्यांचा फोटो भिंतीवर नव्हता ना.

बसमध्ये तिनं पेपर पिशवीच्या तळाशी दडपला. आईनं, सुरेखाताईंनी, विचारलं, "पेपर दिला का गं?" तर ही म्हणाली, "न्हाय अजून." जेवली नाही. विषय बदलायची मुदत शनिवारपर्यंत होती. गणित सोडायचं, दुसरं काहीतरी घ्यायचं, असं तिनं उशीत तोंड खुपसून ठरवून टाकलं. पाठांतर होतं म्हणून आपण एवढी मिरवलो, डोकं काही आपल्याला नाही, हे तिच्या मनानं घेतलं होतं. आणि एकदा मनानं घेतलं की माणूस स्वतःलाच किती घालूनपाडून बोलतो, ते काय सांगायचं.

दुसऱ्या दिवशी ती गणिताच्या दानेश्वरी मॅडमकडं गेली. मॅडम सीमेकडच्या, गडहिंग्लजच्याही पलीकडच्या. मराठी बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचा, आणि आवडत्या पोरीला त्या 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. वर्गात आवाज खणखणीत, पण कुणावर डाफरलेलं कुणी ऐकलेलं नाही.

"मॅडम, मी गणित सोडणार हाय," पूर्णिमा म्हणाली. "तुम्हाला सांगून जावं म्हटलं."

मॅडमनी अडवलं नाही, समजूतही घातली नाही. "सोड की," म्हणाल्या. "जायच्या आधी एवढा प्रश्न मला समजावून सांग. दोन पानं लिहिलीयास, मला काय कळलं न्हाय."

प्रश्न असा होता. एकपर्यंत फंक्शन म्हणजे एक्सचा वर्ग, आणि एकच्या पुढं दोन एक्स अधिक पाच. एकपाशी ते डिफरन्शिएबल आहे का, म्हणजे तिथं त्याला एकच ठरलेला चढ आहे का?

पूर्णिमानं घडाघडा म्हणून दाखवलं. डावीकडचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे चढ, दोन एक्स, एक घातला की दोन. उजवीकडचं सरळ दोनच. दोन बरोबर दोन. म्हणून आहे, आणि उत्तर दोन.

"बरं. आता हे पुसून टाक मनातनं," मॅडम म्हणाल्या आणि खडू तिच्या हातात दिला. "चित्र काढ. डावीकडनं चालत चालत एकला ये. किती उंचीवर आलीस?"

"एकाचा वर्ग एक. म्हणजे एकावर."

"आणि उजवीकडचा रस्ता कितीवरनं सुरू होतोय?"

पूर्णिमानं मनात दोन अधिक पाच केलं, आणि खडू फळ्यावर टेकवला तो तिथंच राहिला. उजवीकडची रेघ सातापाशी सुरू होत होती. डावीकडची एकावर येऊन संपलेली. मधे नुसती मोकळी हवा.

"दोन्हीकडं चढ सारखाच हाय," मॅडम म्हणाल्या. "ते तुझं बरोबर. खरं रस्ता जोडलेला कुठं हाय?"

पूर्णिमानं त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. दोन पानं लिहिली, एकदाही रस्त्याकडं बघितलं नाही. रेघ तुटलेली आहे हे शाळेतल्या पोराला दिसलं असतं, आणि तिला दिसलं नाही, कारण तिनं बघितलंच नव्हतं, नुसता हात चालवला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडू काही कालचं नव्हतं.

"जोडलेलाच न्हाय म्हटल्यावर डिफरन्शिएबल कुठलं," ती हळूच म्हणाली.

"मग झालं की. हात तुझा तयार हाय, तंगी. एवढा तयार हात माझ्या वर्गात दुसरा न्हाय. आता डोळं उघडायचं तेवढं राहिलंय. असं कर, शनिवारच्या आत मला एक प्रश्न करून आण. ज्याला नुसतं करता येतं तो अडला पाहिजे आणि ज्याला कळलंय त्याला दोन ओळीत आला पाहिजे. मग जा कुठं जायचं तिथं."

पूर्णिमा इरेला पेटली. त्याच दिवशी दुपारी तिनं एक प्रश्न बनवला. टॅन, लॉग, वर्गमूळ, घाताचा घात, सगळं एकात एक कोंबलेलं. मॅडमनी तो घेतला, गुणगुणत गुणगुणत फळ्यावर पुरा सोडवला, आणि हात झटकले.

"हा दमवणारा प्रश्न झाला," म्हणाल्या. "मला ओळखणारा पाहिजे. कुणाला कळलंय ते ओळखणारा."

आता आली का पंचाईत. शुक्रवारी संध्याकाळी कागलच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती विचार करत होती. आपण फसलो कसं, तर नियम म्हणाला 'आहे', आणि खरं तर नव्हतं. मग याच्या उलटं होत असेल का? नियमानं हात वर करावेत, आणि तरी उत्तर असावं?

घरी गेल्या गेल्या तिनं वही उघडली. मॉड एक्स घेतला, म्हणजे वजाचं चिन्ह टाकून दिलेला एक्स. शून्यावर त्याला टोक असतं, दोन्ही बाजूंचा चढ वेगळा, तिथं डेरिव्हेटिव्ह नाहीच. हे तर नियमालाही माहीत आणि पोरांनाही पाठ. मग तिनं त्याला एक्सनं गुणलं. एक्स गुणिले मॉड एक्स. गुणाकाराचा नियम लावायचा तर दोन्ही तुकडे डिफरन्शिएबल पाहिजेत, आणि मॉड तर नाही. नियम इथं बोलूच शकत नाही.

मग ती मुळाशी गेली, पारस सरांनी अकरावीत एकदा सांगितलेल्या व्याख्येपाशी. शून्यापासून एचएवढं बारीक पाऊल टाकायचं आणि चढलेली उंची त्या पावलानं भागायची. एच गुणिले मॉड एच, भागिले एच. एच गेला, उरला मॉड एच. एच शून्याकडं सरकला की तोही शून्य. म्हणजे डेरिव्हेटिव्ह आहे, आणि ते शून्य आहे.

तिचा विश्वास बसेना. तिनं चित्र काढलं. उजवीकडं वर जाणारी कमान, डावीकडं खाली उतरणारी, आणि मधोमध दोन्ही अगदी सपाट होऊन एकमेकींना भेटलेल्या. टोक कुठंच नाही. ते बघून ती एकटीच हसली आणि आईला हाक मारून म्हणाली, "आई, वाढ गं, भूक लागलीया."

शनिवारी मॅडमनी तो प्रश्न वाचला. फळ्याकडं न जाता कागदावरच बोटानं दोन कमानी काढल्या, आणि म्हणाल्या, "हा मी घेऊ का?" एवढंच. विषय बदलायचे अर्ज घेणारी ऑफिसची खिडकी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडी होती. पूर्णिमा तिच्यासमोरून गेली आणि थांबली नाही.

खरी गंमत पुढंच आहे. त्याच संध्याकाळी ती पारस सरांना भेटायला गेली. ज्या माणसानं आपल्याला घडवलं त्याला आपला पहिला प्रश्न दाखवावा, एवढाच हेतू. सरांनी प्रश्न वाचला आणि वाचता वाचता उत्तर दिलं, "न्हाय. मॉडला शून्यावर टोक हाय. प्रॉडक्ट रूल लागतच न्हाय. पुढचा सांग."

बाहेर तिचा फोटो, आत शिकवायला उभे असलेले सर, समोर बसलेली पोरं. बारावीच्या परीक्षेआधी ती तापानं फणफणत असताना याच माणसानं घरी येऊन तिचं एकेक गणित तपासलं होतं. आज त्यांना चुकलात म्हणायचं कसं? "पुढचा न्हाय सर, एवढाच होता," म्हणून ती निघून आली. आठवडाभर ते तिला खुपत राहिलं. शेवटी तिनं मॅडमना सांगितलं. मॅडम नुसत्या "बरं" म्हणाल्या.

पुढच्या चाचणीत चौथा प्रश्न तोच होता, एक्स गुणिले मॉड एक्स. सगळा वर्ग पेनं चावत बसला. पूर्णिमाच्या पेपरवर मात्र तो प्रश्न खोडलेला, आणि खाली मॅडमच्या अक्षरात लिहिलेलं:

'हा तुझाच प्रश्न, म्हणून तुला वेगळा. एका जाणत्या माणसानं याचं उत्तर "नाही" असं दिलंय. कुठं चुकलं ते त्याला पटेल असं लिही. त्याला कमीपणा वाटता कामा नये.'

पूर्णिमानं ती ओळ वाचली आणि तिला आपली दोन पानं आठवली. त्यांच्यावर एकसुद्धा रेघ नव्हती. ते शून्य तिला इतके दिवस टोचत होतं, पण मॅडमनी ती पानं न खोडता का ठेवली होती, ते आत्ता कळलं. शेवटचं उत्तर सोडलं तर तिचं लिहिलेलं सगळं बरोबरच होतं. नुसतं अपुरं होतं. तिनं डोळे पुसले आणि लिहायला घेतलं.

'सर, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. इथं नियम लागत नाही. पण नियम लागत नाही म्हणजे उत्तर नाही, असं होत नाही. तुम्हीच आम्हाला व्याख्या शिकवली होती. तिच्याकडं परत जाऊया...'

पाचपैकी पाच मिळाले. पेपर हातात आल्यावर ती तडक कागलला गेली आणि तो पारस सरांच्या पुढ्यात ठेवला. सरांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्यांनी शेजारच्या कागदावर एच गुणिले मॉड एच लिहिलं, भागिले एच केलं, आणि एच खोडला.

"व्हय की गं," ते म्हणाले. "आणि मी किती जोरात सांगितलं तुला न्हाय म्हणून." मग पेपरची घडी घालता घालता थांबले. "तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. मी तुला पळायला शिकवलं, त्यांनी थांबायला शिकवलं. बॅच बसलीया आत. जा, हे तू सांग."

पूर्णिमा फळ्यापाशी गेली. सर मागच्या बाकावर जाऊन बसले. तिनं प्रश्न लिहिला, आणि लिहून पुरा व्हायच्या आत पुढच्या रांगेतली एक पोरगी ताडकन उठून म्हणाली, "न्हाय! मॉड हाय तिथं, रूल लागत न्हाय."

"बरोबर, रूल लागत न्हाय," पूर्णिमा म्हणाली आणि खडू तिच्यापुढं धरला. "ये तंगी. चित्र काढ. डावीकडनं चालत चालत शून्याला ये."