फेब्रुवारीची कपात

पगाराचा कच्चा तक्ता अकाउंटंट काकांनी टेबलावर आणून ठेवला, तेव्हा ती एका जिन्याच्या नकाशात पायऱ्या बसवत होती. सुट्टीवरून परत येऊन तिला महिनाच झाला होता. हात अजून पूर्वीसारखा चालत नव्हता. रेघ ओढता ओढता मन घरी पळायचं.

"आकडा बघून सही करा," काका म्हणाले. ऑफिसात सगळे त्यांना मागे 'हिरवं पेन' म्हणायचे, कारण जगातली कुठलीही गोष्ट तपासल्यावर ते हिरव्या शाईने एक बारीकशी खूण करायचे. स्वतःच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा एक होती.

तिने आकडा बघितला. मग वरचं नाव बघितलं. नाव तिचंच होतं.

"काका, हे काय? जवळजवळ अर्धा पगार करात?"

"वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही लिहून दिलंत, जुन्या पद्धतीने कर भरेन, पीपीएफ आणि विम्यात एवढे गुंतवेन. त्या भरवशावर मी दरमहा कमी कापलं. जानेवारीत पुरावे मागितले. तुमचे आले नाहीत. मग मी समजलो, गुंतवणूक झाली नाही. राहिलेला कर आता दोन महिन्यांत वसूल करायचा. मी तरी काय करू?"

"जानेवारीत मी बाळाच्या लंगोट्या धूत होते हो."

"ईमेल पाठवली होती."

ईमेल. ती नवऱ्याच्या फोनवर यायची. पाच मार्चच्या आत पाळणाघराची अनामत भरायची होती. शेजारच्या मावशी, ज्या आत्ता बाळाला सांभाळत होत्या, महिनाअखेरीस मुलाकडे राहायला जाणार होत्या. अनामत भरली नाही तर जागा पुढच्या आईला मिळणार, आणि मग तिने हा जिना तिसऱ्या मजल्यापर्यंत नेण्याची वेळ येण्याआधीच घरी बसायचं.

"गुंतवणूक केलीय मी. खरंच. दोन्ही. आता दाखवलं तर?"

काकांनी पेनाचं टोपण उघडलं आणि पुन्हा बंद केलं. "बँकेला यादी उद्या संध्याकाळी जाते. त्याआधी पुरावे आणा, फेब्रुवारीतच दुरुस्त करतो. नंतर आणलेत तर मार्चच्या पगारात वळतं करेन. आणि एकदा का वर्ष संपलं, मग माझ्या हातात काही नाही. सरकारकडे भरलेला पैसा मी परत देऊ शकत नाही. रिटर्न भरायचं आणि परताव्याची वाट बघायची."

"पाळणाघराच्या बाई परताव्याची वाट बघणार नाहीत."

"म्हणून म्हणतो, उद्या."

संध्याकाळी घरी पोचताच तिने बाळाला मावशींच्या कडेवरून घेतलं, आणि बाळाने तिच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं. एका हाताने तिने कपाटाचा खण उपसला. पीपीएफचं पासबुक मिळालं, भरलेल्या रकमेच्या नोंदीसकट. विम्याची पावती मात्र कुठेच नव्हती. हप्ता भरल्याचं तिला चांगलं आठवत होतं. डिसेंबरात, बाळ दूध पिता पिता झोपलं होतं, हलायची सोय नव्हती, तेव्हा एका अंगठ्याने तिने फोनवरून, तिच्याच खात्यातून, हप्ता भरला होता. अंगठ्याने केलेलं पहिलं काम, असं तिने तेव्हा नवऱ्याला सांगितलं होतं.

नवरा आत येऊन बूट काढत होता. "काय शोधतेस? घर उलटंपालटं झालंय."

"विम्याची पावती."

"ती? ती माझ्या ऑफिसात आहे."

तिने खण तसाच उघडा ठेवला. "तुझ्या ऑफिसात?"

"अगं, पावत्या सगळ्या आपल्या एकाच ईमेलवर येतात ना, माझ्या फोनमध्ये. जानेवारीत पुरावे द्यायचे होते. होत्या तेवढ्या छापल्या, दिल्या. तुला कशाला त्रास, तुझी झोप होत नव्हती."

"पण ती पॉलिसी माझी. पैसे माझ्या खात्यातून गेलेत."

"घर एकच ना? खिसा एकच."

"कर दोघांचा वेगळा कापतात ना?"

तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. तिने सगळं सांगितलं: कच्चा तक्ता, उद्याची संध्याकाळ, पाळणाघर. तो डोकं खाजवत म्हणाला, "मग सोपं आहे. तूही दाखव. दोन वेगळी ऑफिसं, कोण ताडून बघणार?"

मोह पडला नाही असं नाही. फोनमधली पावती पुन्हा छापायला कितीसा वेळ लागणार? पण काकांच्या अर्जाच्या तळाशी सहीच्या वर एक ओळ असते, की वरील माहिती खरी आहे. जिन्याची एक पायरी चुकीची मोजली तर पुढच्या सगळ्या चुकतात, हे ती रोज बघत होती. शिवाय तिच्या मांडीवर बाळ होतं, आणि बाळ तिच्याकडे असं बघत होतं की जणू त्यालाच निकाल द्यायचाय.

"नुसतं पीपीएफ दाखवते," ती म्हणाली. "अनामतीला थोडे कमी पडतील."

"किती?"

तिने सांगितलं. त्याने बूट कोपऱ्यात सरकवले. मग बाळाला तिच्याकडून घेऊन म्हणाला, "तुझी आई मला गुन्हेगार ठरवतेय, बघ."

"मी काही म्हटलं का?"

"तेच तर. म्हटलं असतंस तर भांडता आलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काकांसमोर पासबुकाची प्रत आणि विम्याची पावती घेऊन बसली होती. प्रत त्यांनी खूण करून ठेवली. पावती उलटसुलट केली.

"हप्ता तुमच्या खात्यातून गेलेला दिसतोय. मग कर-सवलत तुमची. पण खरं सांगा, घरच्या साहेबांनी त्यांच्या ऑफिसात दाखवलाय?"

"दाखवलाय. चुकून. त्यांच्या ऑफिसात तो काढून घेतील, असं सकाळी म्हणालेत."

"काढला की कळवा. तोवर मी याला हात लावत नाही." काकांनी घड्याळ बघितलं नाही, पण हिरवं पेन खिशात ठेवलं, आणि तिला ते जास्त लागलं.

तीन वाजून गेले. तिने एक पायरी दोनदा पुसली. सकाळी घरातून निघताना नवरा म्हणाला होता, जमलं तर बघतो. आणि त्याच्या 'बघतो'चा अनुभव तिला होता. गळणाऱ्या नळाला त्याने सहा महिने तेच सांगितलं होतं.

मग फोन वाजला.

"केलं," तो म्हणाला. "पगार बघणाऱ्या बाईसमोर जाऊन सांगितलं, हप्ता बायकोने भरलाय, माझ्या नावावरून काढा. ती अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, 'अहो, बायकोचे पैसे स्वतःच्या नावावर? धाडसी आहात!' लेखी घेतलं. पाठवतोय."

"आणि तुझा कर?"

"आमची फेब्रुवारीची यादी बँकेला गेली. मार्चमध्ये कापतील एकदम. मार्चला डाळ-भातावर राहू, चालेल?"

"चालेल." तिने पेन्सिल खाली ठेवली. "ऐक ना. लाज वाटली का रे?"

"वाटली थोडी," तो म्हणाला. "आधी मला वाटत होतं, आपलंच तर आहे. बाई हसली तेव्हा लक्षात आलं, मी तुला कधी विचारलंच नव्हतं."

काकांनी पत्र वाचलं, पावतीवर बारीक हिरवी खूण केली आणि दुरुस्त केलेला तक्ता पुढे सरकवला. तिने आकडा बघितला. मग वरचं नावही एकदा बघितलं, उगीच.

"सही इथे," काका म्हणाले. "आणि पुढच्या वर्षासाठी स्वतःची ईमेल द्या. तुमची एकटीची."

तिने ती त्यांच्या वहीत लिहून दिली. मग वळून जिन्याकडे गेली. वरच्या मजल्याला अजून बऱ्याच पायऱ्या बाकी होत्या.