पाचव्या पायरीवरचा काळा सूर

डॅडींचे कान गेले, ही गोष्ट डेट्रॉइटात तिघांनाच ठाऊक होती: त्यांना, मला आणि थॅडला. थॅड त्यांच्या बँडमध्ये बेस वाजवायचा, पार डॅडींच्या लग्नाआधीपासूनचा दोस्त. शनिवारी क्लबात वाजवायचं होतं. डॅडींचा हट्ट एकच, पियानो सोडायचा नाही. बोटांना सगळं पाठ आहे. कुठं चुकलंच तर थॅडनं ओठांनी सांगावं, ते ओठ वाचतील.

पण आधी परीक्षा. थॅड सांगेल ते खरंच सांगेल ना, एवढंच त्यांना बघायचं होतं, हे मला मागाहून कळलं.

त्यांनी थॅडला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. सी मेजर सप्तकाच्या प्रत्येक सुरावर ते एकाआड एक असे चार सूर रचून एकदम वाजवणार, थॅडनं कानानं ओळखून वळायचं आणि त्या कॉर्डची जात सांगायची. लहानपणी मला जेवणाआधी हाच पाढा म्हणायला लागायचा.

"चिटिंग करशील तर भाजलेलं चिकन बंद," डॅडी म्हणाले.

"तुझ्यापेक्षा म्हातारा आहे मी, एल्रॉय, जरा मान दे," थॅड पुटपुटला. डॅडींना ते कळलंच नाही.

पहिला वाजला. थॅड वळून म्हणाला, मेजर सेव्हन्थ. दुसरा नि तिसरा, मायनर सेव्हन्थ. चौथा, पुन्हा मेजर. डॅडी दर वेळी मान डोलवत होते आणि माझा जीव भांड्यात पडत होता.

पाचव्यावर हात आला. जी, बी, डी, आणि वर एफ हवा. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे डॉमिनंट सेव्हन्थ. पण डॅडींचं शेवटचं बोट शेजारच्या काळीवर पडलं, एफ शार्पवर, आणि डॉमिनंटचा मेजर सेव्हन्थ झाला. मी ऐकलं. थॅडनं तर ऐकलंच. त्याच्या खांद्यांवरून मला कळलं. तो जरा वेळानं वळला.

"डॉमिनंट सेव्हन्थ," तो म्हणाला.

डॅडींनी बोट उचललं नाही. "थॅड, इकडं ये. बोट बघ माझं."

थॅडनं बघितलं. त्याचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, चुकून लागलं," तो म्हणाला. "आज कशाला तुझं मन मोडायचं?"

"मुद्दाम लावला होता." डॅडी चिडले नव्हते, तेच मला सहन होईना. "चुकून लागला असता तरी तू हेच म्हणाला असतास. मग शनिवारी मला कोण सांगणार होतं?"

त्यांनी बोट पांढरीवर सरकवलं, खरा डॉमिनंट वाजवला आणि तिथून पहिल्या कॉर्डवर घरी आले. मग सहावा मायनर आणि सातवा हाफ-डिमिनिश्डही, कुणाला काही न विचारता, अगदी बिनचूक. झाकण हळूच लावलं आणि त्यावर हात ठेवून खाली बघत बसले.

थॅडचे डोळे भरले होते. "मेजर सेव्हन्थ होता रे," तो म्हणाला. "एल्रॉय, मेजर सेव्हन्थ."

डॅडींची मान खालीच होती. त्याचे ओठ त्यांना दिसले नाहीत.