समोरासमोरच्या जोड्या

निवेदिताच्या नोकरीचा निकाल त्या दिवशी जास्वंदीच्या फुलावर लागणार होता. कानडी मुलखात, बसवनगुडीतल्या त्या इंग्रजी शाळेत तिला वर्ष होत आलं होतं, आणि कायम करायचं की नारळ द्यायचा हे ठरवायला मुख्याध्यापिका महानंदा मॅडम सहावीच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

तयारीत कसर नव्हती. प्रत्येक बाकावर एकेक जास्वंद, आणि प्रत्येकाला फुलाच्या भागांची एक वर्कशीट. वर जोड्या लावा, खाली रिकाम्या जागा भरा. कागद वाटून झाले, उरलेला तिनं सहज पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

जोड्यांचा प्रश्न करताना शिक्षक आधी बरोबर जोड्या समोरासमोर टाइप करतात आणि मग उजवा रकाना उलटसुलट करतात. पहिलं काम निवेदितानं केलं होतं. दुसरं करणार तेवढ्यात आईनं कॉफीला हाक मारली होती, आणि कॉफीपुढे विज्ञानाचं काय चालतं! निदलांसमोर ‘कळीचं रक्षण’, पाकळ्यांसमोर ‘कीटकांना आकर्षित करणं’, परागकोशासमोर ‘परागकण तयार करणं’, कुक्षीसमोर ‘परागकण ग्रहण करणं’, अंडाशयासमोर ‘बीजांडं सांभाळणं’. शेंबडं पोरही एका दमात पाच आडव्या रेघा मारून मोकळं झालं असतं.

‘संपलं,’ ती मनात म्हणाली. आता वर्ग हसणार, मॅडम वहीत काहीतरी खरडणार आणि आपण घरी बसून कॉफीच पिणार.

पण वर्ग हसला नाही. पवित्रानं दोन रेघा सरळ मारल्या, तिसरीही सरळ जातेय म्हटल्यावर थबकली आणि मिस फसवतायत अशा नजरेनं खोडरबर उचललं. शिकवणीत तयार झालेली पोरं ती! जोड्या तिरप्याच असतात हे त्यांना फुलाच्या आधीपासून पाठ. अर्णवनं तर खोडून खोडून कागदाला भोक पाडलं.

निवेदिता बाकांमधून फिरू लागली. जिकडे तिकडे रेघांचा नुसता गुंता. आणि मौज म्हणजे खाली ‘परागकण ____ मध्ये तयार होतात’ या जागेत त्याच पोरांनी बिनचूक ‘परागकोश’ लिहिलं होतं. वर मात्र तोच परागकोश बीजांडं सांभाळत बसला होता.

फिरत फिरत ती मागे पोहोचली. महानंदा मॅडमनीही एक कागद घेतला होता. बेळगावकडच्या, हयात कन्नड शिकवण्यात गेलेली. त्यांच्या कागदावर पाकळ्या कळीचं रक्षण करत होत्या आणि कुक्षी कीटकांना बोलावत होती. निवेदितानं पाहिलं हे मॅडमनी पाहिलं, आणि कागदावर हळूच पर्स ठेवली.

निवेदिताच्या अंगात एकदम बळ आलं.

“पेन्सिली खाली,” ती म्हणाली. “फुलाच्या मधल्या नळीवरचे पिवळे ठिपके बोटानं पुसा. काय लागलं?”

“परागकण!” वर्ग ओरडला.

“म्हणजे ते ठिपके कोण?”

“परागकोश!”

“खाली तेच लिहिलंय तुम्ही. मग वर काय केलंय?”

मग पवित्रा उसळून उभी राहिली. “पण मिस, सगळ्या समोरासमोर कशा असतील? असं कधीच नसतं!”

“कुठं लिहिलंय तसं? फुलाला विचारायचं सोडून माझ्या मनात काय आहे ते शोधत बसलात!”

सगळ्या वर्गात एकट्या तनयच्या रेघा आडव्या निघाल्या. “शाब्बास!” निवेदिता म्हणाली. “तुला कसं कळलं?”

“फूल बघितलं, मिस,” तनय म्हणाला. “आणि मला वाटलं, तुम्ही उलटसुलट करायला विसरलात.”

वर्ग खो खो हसला. निवेदिताही हसली. मॅडम हसल्या नाहीत.

तास संपल्यावर त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं. मराठी त्या दार लावूनच बोलत.

“खरं सांग की गं. मुद्दाम केलंस, की ते पोरगं म्हणतंय ते?”

थाप जिभेच्या टोकावर होती. पण निवेदिताला थापा पचत नाहीत, हीच तर तिची अडचण.

“विसरले, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. समोरचा कागद ओढून त्यावर सही केली आणि तिच्याकडे सरकवला. ‘कायम करावे.’

“सरी, ठीक आहे. पण पुढच्या वेळी आठवणीनं उलटसुलट कर हं,” पर्समधून घडी घातलेली वर्कशीट काढून टोपलीत टाकत त्या म्हणाल्या. “सरळ दिलंस की आमचं चुकतंय.”