जाताना माणूस देऊन जा

नोकरी करीन तर डिझाइनचीच, असं अंजलीने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातच ठरवून टाकलं होतं. ती एकटीच नव्हती. तिचा वर्गमित्र बुद्धभूषण तिच्याही पुढचा. कॉलेजच्या कँटीनमध्ये चहाचा ग्लास हातात धरून दोघांनी ठराव पास केला होता, की संगणकासमोर बसून यंत्रांचे भाग आखू, पण कारखान्यात तेलकट हात करायला जाणार नाही. पहिल्या नोकरीचा शिक्का कपाळावर बसतो, तो आयुष्यभर पुसला जात नाही, असं बुद्धभूषणचं म्हणणं. अंजलीला ते शंभर टक्के पटलं होतं. चहा गरम असताना बऱ्याच गोष्टी पटतात.

पुढे चहा थंड झाला. डिझाइनच्या जागा निघायच्या, पण सगळ्यांना अनुभव हवा असायचा. वर्ष सरलं. सिडकोतल्या घरी कोणी तिला बोललं नाही, हीच मोठी अडचण होती. तिचे पप्पा, झुंबर, अंबडच्या एका कंपनीत मशीनवर मदतनीस म्हणून राबून निवृत्त झालेले. मुलीने आपल्यासारखं काळं-निळं होऊ नये, असं त्यांनाच वाटायचं. आई, मालनबाई, रोज सकाळी तिच्यापुढे डब्याऐवजी ताट ठेवायची, आणि ताट ठेवताना काही बोलायची नाही. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

अशात एका संध्याकाळी गल्लीतला दीपक दारात येऊन उभा राहिला. तो अंबडला कारभारीअण्णांच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तपासणीला होता. मशीनवरून उतरलेला माल मोजायचा, बरोबर असेल तर पुढे, नाहीतर बाजूला. त्याला पुण्यात चांगली नोकरी लागली होती, पण त्याच्या जागी कोणी मिळेना.

"तीन महिने ये," तो हात जोडून म्हणाला. "मला सोडव. मग तू तुझी मोकळी."

नोकरी म्हणून विचारलं असतं तर अंजलीने नाकच मुरडलं असतं. दीपकने उपकार म्हणून मागितलं, तेव्हा तिला नाही म्हणवेना. अशा रीतीने मोठ्या मनाने उपकार करायला निघालेली ही मुलगी सोमवारी सकाळी स्कूटीवर अंबडला पोहोचली.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, आत ओळीने मशिनी, आणि कोपऱ्यात काचेची एक खोली. खोलीत काळ्या ग्रॅनाइटचा सपाट टेबल आणि मोजमापाची साधनं. कारभारीअण्णा निफाडकडचे, साठीकडे झुकलेले, शर्टच्या खिशात कायम एक छोटी स्टीलची मोजपट्टी. त्यांनी तिचं शिक्षण विचारलं, पप्पांचं नाव विचारलं, कामाची वेळ सांगितली आणि शेवटी म्हणाले, "एक अट हे माझी. जाताना माणूस देऊन जा. त्याला शिकव आन् मग जा."

अंजलीला ते झोंबलं. पहिल्याच दिवशी, अजून खुर्चीवर नीट टेकले नाही, तर हा माणूस माझ्या जाण्याची भाषा करतो? घरी आल्यावर तिने आईला सांगितलं की तिथे आपली काही किंमत नाही, तीन महिने म्हणजे तीनच महिने.

पण हाताला काम लागलं की नाक मुरडायला वेळ उरत नाही. भोकाचं माप बघायला एक दांडी असते, दोन टोकांची. एक टोक भोकात सहज शिरलं पाहिजे, त्याला गो म्हणतात. दुसरं शिरता कामा नये, ते नो-गो. दीपकने जाण्याआधी आठवडाभर थांबून तिला हे दाखवलं. पहिल्यांदा तिने नो-गो टोक जोर लावून घुसवायचा प्रयत्न केला, तेव्हा दीपक पोट धरून हसला. मोजण्याच्या साधनावर जोर करायचा नसतो, ते आपलं आपण सांगतं, हे तिला तेव्हा कळलं. मशीनवरून उतरलेला गरम भाग लगेच मोजला तर माप खोटं येतं, त्याला थंड होऊ द्यावं लागतं, हेही तिथेच कळलं. पुस्तकात हे सगळं होतं. पुस्तकात ते तिने परीक्षेपुरतं वाचलं होतं.

एकदा गिऱ्हाइकाचं एक नवं ड्रॉइंग आलं. त्यात एका कोपऱ्यापासून भोकाचं अंतर दिलं होतं, आणि तोच कोपरा तिरका छाटायचा होता. कोपराच उरला नाही तर मोजायचं कुठून? अंजलीने गिऱ्हाइकाच्या डिझाइन विभागात फोन लावला. पलीकडचा साहेब म्हणाला की ड्रॉइंग बरोबर आहे, तुम्ही करून पाठवा, आणि फोन ठेवला. ती लाल झाली. आपण कधी त्या खुर्चीत बसलो तर असं करायचं नाही, असं तिने मनाशी म्हटलं. अण्णांनी ते ऐकलं नव्हतं, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी चहा मागवला.

तीन महिने कधीच होऊन गेले. दुसरी दिवाळी आली. आता मशीनवरचे लोक "ताई, हे बघा बरं" म्हणत भाग घेऊन तिच्याकडे यायचे. जेवणाच्या सुट्टीत डबे एकत्र उघडायचे. खरं सांगायचं तर अंजली तिथे रमली होती.

आणि नेमकी तेव्हाच सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत डिझाइनची जागा निघाली. तिने अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी अण्णांना सांगितलं की इगतपुरीला मावशीकडे जायचंय. मावशी इगतपुरीला होती हे खरं, बाकी सगळं खोटं.

मुलाखतीत एक ड्रॉइंग समोर ठेवून विचारलं, यात काय सुधारणा कराल? तिची नजर आपोआप एका कोपऱ्यावर गेली.

"हे माप या कोपऱ्यापासून दिलंय, पण हा कोपरा तर छाटला जाणार," ती म्हणाली. "भाग तयार झाल्यावर तपासणारा मोजणार कुठून? या सपाट बाजूपासून दिलं तर मोजता येईल."

समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. ती चूक त्यांनी मुद्दाम पेरली होती. आधीच्या उमेदवारांनी धातूपासून वजनापर्यंत सगळ्यावर भाषण केलं होतं, कोपऱ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

नोकरी मिळाली. जिच्यासाठी एवढा ठराव केला होता, तीच. आणि अंजलीचं पाऊल अडलं. गिऱ्हाइकाकडून वर्कशॉपची मोठी तपासणी येऊन ठेपली होती, अण्णांचा सगळा भार तिच्यावर. ज्याने शून्यापासून शिकू दिलं, त्याला ऐन वेळी सोडून जायचं कसं? दोनदा ती त्यांच्या टेबलापर्यंत गेली आणि भलतंच काहीतरी विचारून परत आली. नोकरी नाकारावी, असंही एकदा मनात आलं. पप्पांना तिने तसं बोलून दाखवलं. झुंबर म्हणाले, "मी सोडली असती ना बाळा, तर बरं झालं असतं. मालक चांगला होता म्हणून राहिलो. मालकाने कधी म्हटलं नव्हतं राहा म्हणून."

दुसऱ्या दिवशी ती अण्णांसमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, मावशीच्या थापेसकट.

अण्णांनी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. "मला माहीत हे," ते म्हणाले. "त्या कंपनीतून फोन आलता मला. पोरगी कशी हे म्हनून इचारलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हनून थांबलो. जायचं म्हंजी चोरी नाय, पोरी." "त्यांना म्हनलो, घेऊन टाका, मला लय जड जाईल पन घेऊन टाका. माझं शॉप म्हंजी ठक्कर बाजारचा यष्टी ष्टँड हे. हितं मुक्कामाला कुनी राहत नाय. तुला हितं बसवून ठिवली तर माझं भलं, तुझं काय? फकस्त आट इसरू नको."

अंजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या दिवशी जी अट तिला हाकलणं वाटली होती, ती दार उघडं ठेवणं होतं. हे समजायला तिला एवढा काळ लागला, आणि तरीही तो माणूस शांतपणे वाट पाहत होता.

आता माणूस आणायचा कुठून? ती सरळ बुद्धभूषणच्या घरी गेली. तो अजून वाट बघत होता, दाढी वाढली होती. तिची बातमी ऐकून त्याने मनापासून अभिनंदन केलं, मग त्याचा चेहरा उतरला. शिक्क्याची जुनी गोष्ट त्याने पुन्हा काढली, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. आता गेलो तर एवढी वर्षं उगाच बसलो असं होईल, हे तो बोलला नाही, पण अंजलीला ऐकू आलं. तिने वाद घातला नाही. हात जोडले.

"तीन महिने ये," ती म्हणाली. "मला सोडव."

म्हटल्यावर तिला दीपक आठवला आणि हसू आलं.

बुद्धभूषण आला. अण्णांनी त्याचं शिक्षण विचारलं, कामाची वेळ सांगितली आणि शेवटी तेच म्हणाले, जाताना माणूस देऊन जा. बुद्धभूषणचे कान लाल झाले. बाहेर येताच तो अंजलीला म्हणाला की इथे तर आल्या आल्या हाकलायची भाषा. तिने काही समजावलं नाही. दोन टोकांची दांडी त्याच्या हातात दिली आणि भोक दाखवलं. त्याने नो-गो टोक जोर लावून घुसवायला घेतलं.

गिऱ्हाइकाची तपासणी नीट पार पडली, दोघांनी मिळून पार पाडली. शेवटच्या दिवशी अंजली अण्णांना म्हणाली की तुमचे उपकार मी विसरणार नाही. अण्णा म्हणाले, उपकार कसले, तू माणूस दिलास, फिटलं. पण त्यांनी ती छोटी पट्टी तिच्या हातात ठेवली.

सातपूरला आता ती संगणकासमोर बसते. ड्रॉइंग पाठवण्याआधी कोपरे बघते, आणि वर्कशॉपचा फोन आला की उचलते. टेबलावर पट्टी असते. संगणकावर आखणाऱ्या बाईला पट्टी कशाला, असं नवीन मुलं विचारतात.

परवा बुद्धभूषणचा फोन आला. तीन महिने केव्हाच उलटून गेले होते. बराच वेळ तो मशिनींबद्दलच बोलत राहिला, मग अडखळत म्हणाला, "चाकणला झालं माझं. डिझाइनला. अण्णांना काल सांगितलं." त्याचा आवाज भरून आला होता. "अंजली, तुझ्या ओळखीत कोणी आहे का गं? मला माणूस द्यायचाय."

समोरच्या घरातली पिंकी डिप्लोमा करून वर्षभर घरी बसली होती, मनासारखं मिळेल तेव्हाच जाईन म्हणत. अंजलीने चपला घातल्या आणि तिचं दार वाजवलं.