मधल्या सुट्टीचं रेकॉर्डिंग

पार्सल कंपनीच्या गोदामात तिला सगळे पोचबाई म्हणत. नाव चेष्टेत पडलं होतं, पण खोटं नव्हतं. कागद दिला की तिला पोच हवी: सही, शिक्का, तारीख, वेळ. एकदा मॅनेजरच्या टेबलावर वाढदिवसाचा केक ठेवताना तिने सवयीने रजिस्टर पुढे केलं, आणि त्यानेही मुकाट्याने सही ठोकली. अशा बाईच्या मुलीला शाळेत त्रास झाला तर ती काय करणार? तावातावाने भांडायला जाणाऱ्यांतली ती नव्हतीच. तिने अर्ज लिहिला.

झालं होतं ते असं. मंगळवारी सातवीतली तिची लेक चष्म्याशिवाय घरी आली, उजव्या मनगटाला पांढरी पट्टी बांधून. तिचं सांगणं सरळ होतं. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेसमोरच्या कॉरिडॉरमध्ये वर्गातल्या तिघींनी तिला गाठलं. त्या तिला वर्षभर 'भिंग' म्हणून चिडवत होत्याच. त्या दिवशी एकीने चष्मा काढून उंच धरला, दुसरीने ढकललं, तिसरीने खाली पडलेल्या चष्म्यावर पाय दिला. शाळेच्या डायरीत मात्र वर्गशिक्षिकेने एवढंच लिहिलं होतं, 'धावताना पडली. चष्मा सांभाळावा.' नवरा लांबच्या साईटवर कामाला. तो फोनवर म्हणाला, पोरींची भांडणं ती, आज आहेत, उद्या नाहीत. पोचबाईला ते पटलं नाही. पोरगी खोटं बोलत नाही, हे तिला तोपर्यंत ठाऊक होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने गोदामातल्या कॉम्प्युटरवर अर्ज टाईप केला. आदळआपट नाही, शिव्याशाप नाहीत.

'माझ्या मुलीने सांगितलेली घटना मंगळवारी मधल्या सुट्टीत, म्हणजे दहा तीस ते दहा पन्नास या वेळेत, पहिल्या मजल्यावर प्रयोगशाळेसमोर घडली. तरी विनंती की, एक, या वेळेचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसलं जाऊ देऊ नये, ते जपून ठेवावं. दोन, ते मला दाखवावं. इतर मुलींच्या खासगीपणामुळे प्रत देता येत नसेल तर शाळेत बसून पाहायची माझी तयारी आहे. तीन, नर्सबाईंच्या रजिस्टरमधल्या माझ्या मुलीच्या नोंदीची आणि त्या दिवशी सुट्टीत कोणाची देखरेख होती त्या तक्त्याची प्रत मिळावी.'

गुरुवारी शाळेच्या ऑफिसात कारकून भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि शिक्का मारता मारता म्हणाले, इतका स्वच्छ अर्ज इथे इन्स्पेक्टरसुद्धा लिहीत नाहीत. मग त्यांनी उपयोगाची एक गोष्ट सांगितली. मशीनमध्ये पंधरा दिवसांचंच राहतं, सोळाव्या दिवशी जुन्यावर नवं चढतं. पण काळजी नको, अर्जात दिलेली वेळ आजच वेगळी काढून ठेवतो. पोचबाईने तेही प्रतीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

सोमवारी तिला बोलावणं आलं. मुख्याध्यापिकेच्या खोलीत, म्हणजे शाळेच्या भाषेत मोठ्या बाईंच्या खोलीत, भाऊसाहेबांनी पडदा तिच्याकडे वळवला. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. वहीत नोंदीही केल्या, कारण त्याशिवाय तिला बघितल्यासारखं वाटेना. दहा चौतीस, शिपाई चहाचा ट्रे घेऊन गेला. दहा त्रेचाळीस, एक मुलगी एकटी, पाठमोरी, हाताला काही पांढरं, वर्गाकडे. दहा सत्तेचाळीस, कोणी शिक्षक, खडूची पेटी. बाकी कॉरिडॉर रिकामा. चित्र वरून घेतलेलं, धुरकट. तिघीही नाहीत, चष्माही नाही, ढकलाढकली तर नाहीच नाही.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत, उलट गोड बोलल्या, आणि तेच वाईट झालं. म्हणाल्या, सुट्टीत सगळी मुलं मैदानात असतात, कॉरिडॉर असाच मोकळा असतो. पोरगी धावताना पडली असेल, चष्मा फुटला म्हणून घरी घाबरली असेल, या वयात होतं असं. मात्र तिने तीन मुलींची नावं घेतली, त्यांच्या घरी आमचे फोन गेले, ते पालक चिडले आहेत. दोन ओळी माफीच्या लिहून दिल्या तर प्रकरण इथेच मिटेल.

आता पोचबाईची चूक ऐका. आयुष्यभर तिने माणसांच्या तोंडावर नाही, कागदावर विश्वास ठेवला होता. ड्रायव्हर शपथेवर सांगे, माल पोचवला. ती म्हणे, सही कुठंय? तोच काटा तिने पोटच्या पोरीला लावला. त्या संध्याकाळी तिला समोर बसवलं आणि म्हणाली, "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तिथं कोणी नव्हतं. खरं काय ते सांग, मी ओरडणार नाही."

पोरीने एकदाच सांगितलं, की सांगितलं तेच खरं. आईने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती गप्प झाली, आणि आईने त्या गप्प बसण्याचा अर्थ स्वतःला सोयीचा तो लावला. माफीचं पत्र बुधवारी गेलं. पोरीनेच लिहिलं, मनगट दुखत होतं म्हणून अक्षर जरा तिरकं आलं, एवढंच. 'माझ्या बोलण्यामुळे तुम्हाला त्रास झाला, मला माफ करा.' भाऊसाहेबांनी त्यावरही आवक क्रमांक घातला. त्यानंतर पोरगी शाळेत जात होती, जेवत होती, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होती. घरात भांडण नाही, रुसवा नाही. पोचबाईला वाटलं, चला, निवळलं.

नर्सबाई रजेवर होत्या, म्हणून रजिस्टरची प्रत राहिली होती. ती पुढच्या मंगळवारी गोदामाच्या पत्त्यावर आली. प्रकरण मिटलं होतं, खरं तर न वाचता फाईलला लावायची. पण न वाचता फाईलला लावणं हे तिच्या रक्तात नाही. एकच ओळ होती. 'येण्याची वेळ दहा पन्नास. उजवं मनगट सुजलेलं. बर्फ लावला, पांढरी पट्टी बांधली. वर्गात पाठवलं अकरा दहा.'

तिने फाईल उघडली, वही काढली. दहा त्रेचाळीस, एक मुलगी एकटी, पाठमोरी, हाताला काही पांढरं.

मुलगी नर्सबाईंकडे पोचली दहा पन्नासला. मग दहा त्रेचाळीसला पट्टी बांधून वर्गाकडे कशी काय चालली होती? पोचबाई जागेवरून उठली आणि पुन्हा बसली. ती तिचीच पोरगी होती. वीस मिनिटं ती तीन पोरींना शोधत बसली होती आणि स्वतःच्या पोरीला तिने ओळखलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की क्षणभर समोरचा आकडाही दिसेना. मग सवयीने तिने वजाबाकी केली. अकरा दहामधून दहा त्रेचाळीस, सत्तावीस मिनिटं. घड्याळ मशीनचं चुकलं होतं. तिला दाखवलेला कॉरिडॉर सुट्टीतला नव्हताच, तास सुरू झाल्यानंतरचा होता. खरी सुट्टी मशीनमध्ये दहा तीनपासून होती, आणि ती कोणी वेगळी काढलेली नव्हती. आजचा दिवस चौदावा.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती अडीचच्या सुमारास शाळेत पोचली. भाऊसाहेबांनी आधी हात वर केले. दुसरी वेळ काढायची तर दुसरा अर्ज हवा, वर मोठ्या बाईंची सही हवी, आणि त्या चारपर्यंत बैठकीत. उद्या या.

"उद्या मशीन ठेवेल का?" तिने विचारलं.

भाऊसाहेबांनी बोटांवर मोजलं. उद्याचा दिवस तसा हातात होता, पण भरवसा ते देईनात. डिस्क भरली तर आधीही पुसलं जातं. ती वाद घालत बसली नाही. पडद्यावर त्या क्षणीचं चित्र चालू होतं, कोपऱ्यात वेळ दिसत होती. तिने आपला फोन पडद्याशेजारी धरला. फोनवर दोन पस्तीस, पडद्यावर दोन आठ. भाऊसाहेबांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पडदा पाहिला. रोज दोन-तीन सेकंद मागे पडत पडत दोन वर्षांत मशीन इतकं मागे गेलं होतं आणि त्याची वेळ कोणी मिळवलीच नव्हती. आधीचं रेकॉर्डिंग काढलं होतं त्यांनीच. माणूस खजील झाला.

"तुम्ही अर्ज लिहा," ते म्हणाले. "तोवर मी जपून ठेवतो. जपायला सही कशाला लागते? दाखवायला लागते."

अर्ज तिने तिथेच हाताने लिहिला. चार वाजता मोठ्या बाई आल्या. त्यांनी सही केली आणि तिघं पडद्यासमोर बसली. मशीनच्या घड्याळात दहा तेरा झाले आणि तिघी पोरी आल्या. पोरीने सांगितलं होतं तसंच सगळं झालं, त्याच क्रमाने, एक शब्द इकडचा तिकडे नाही. चष्मा वर गेला, धक्का बसला, पाय पडला. मग त्या निघून गेल्या. त्यानंतर किती तरी वेळ पोरगी एकटीच फरशीवर हात फिरवत काचा गोळा करत होती. तिला धड दिसत नव्हतं. दोन वेळा तिने भिंतीजवळ राहिलेल्या तुकड्याच्या बाजूला चाचपलं.

 मोठ्या बाईंनी भाऊसाहेबांना सांगितलं की रेकॉर्डिंगची प्रत सीलबंद करा, मशीन किती मागे होतं त्याची नोंद जोडा, उद्या तिन्ही पालकांना बोलवा. पोचबाईला म्हणाल्या, आमची चूक झाली. चांगल्या घरची वागणूक म्हणायची ती, नाकारत बसल्या नाहीत.

पोचबाईने एकच मागितलं. माफीचं पत्र परत द्या.

भाऊसाहेब चुळबुळले. क्रमांक पडलेला कागद फाईलमधून काढता येत नाही, फार तर त्याच्यावर शेरा मारता येईल. ते बरोबरच होतं. गोदामात तिनेही हेच सांगितलं असतं, किंबहुना शंभरदा सांगितलं होतं. शेरा मारला गेला, 'चुकीच्या माहितीवर घेतलेले, ग्राह्य धरू नये', खाली मोठ्या बाईंची सही. पत्र मात्र तिथेच राहिलं.

घरी पोरगी नव्या चष्म्याने अभ्यास करत होती. आई शेजारी बसली आणि सगळं सांगू लागली: घड्याळ कसं मागे होतं, वजाबाकी कशी जमली, भाऊसाहेबांचा चेहरा कसा पडला. जरा उत्साहानेच सांगत होती, इतक्या दिवसांनी चांगली बातमी आणली होती ना. शेवटी म्हणाली, "सगळं दिसलं बघ. त्या तिघी होत्या तिथं. तू म्हणालीस तसंच झालं होतं."

पोरीने वहीतून मान वर केली. रागावली नव्हती, रडवेलीही नव्हती.

"मला कशाला सांगतेस, आई? मी होते ना तिथं."

आणि ती पुन्हा लिहू लागली.  आईने माफी मागितली, सरळ, कुठलंही कारण न जोडता. पोरगी "बरं" म्हणाली, जेवताना मीठ मागितलं आणि झोपायला गेली. त्यानंतर त्या घरात पोरीला शाळेतली गोष्ट सांगायला किती तरी महिने लागले.